पीएचडीच्या शिफारसपत्राचं इंग्रजीतून व्हिएतनामीत भाषांतर: कौतुक जेवढं आहे तेवढंच कसं पोचवायचं

आयसीसीआरच्या, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या, स्कॉलरशिपवर व्हिएतनामी मुलं-मुली भारतात शिकायला येतात, आपल्याकडे पुण्याबिण्यातही येतात, मास्टर्स करतात आणि परत जाऊन तिथल्याच एखाद्या विद्यापीठात पीएचडीला अर्ज करतात. अर्जासोबत इथल्या गाइडचं शिफारसपत्र लागतं, ते असतं इंग्रजीत आणि तिकडची समिती मागते व्हिएतनामीत. मी इंग्रजी-व्हिएतनामी कागदपत्रांचं काम करते, आणि सगळ्या कागदांत हे पत्र मला सगळ्यात जपून करावं लागतं, कारण मार्कशीटमधला आकडा दोन्ही भाषांत आकडाच राहतो, पण कौतुकाचं तसं नाही. इंग्रजीतलं साधं वाक्य व्हिएतनामीत भलतंच चढतं, नाहीतर मनापासून लिहिलेलं वाक्य तिकडे 'ठीक आहे, बरी आहे मुलगी' एवढंच उरतं. दोन्हीत नुकसान मुलीचंच.

म्हणून हा लेख. ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांच्यासाठी तर आहेच, पण ज्या प्राध्यापकांना व्हिएतनामी येत नाही आणि भाषांतर करून आलेल्या पत्रावर सही करायचीय, त्यांनाही काय तपासायचं ते कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, व्हिएतनामी वाक्यं मी चौकटीत मूळ लिपीत देणारेय आणि बोलताना देवनागरीत अंदाजे उच्चार लिहिणारेय, पण टाइप करताना चौकटीतलंच घ्या.

उदाहरणासाठी एक पत्र धरू. मुलीला लान म्हणू. महाराष्ट्रातल्या एका कृषी महाविद्यालयातून मृदाशास्त्रात मास्टर्स केलं, विषय खारवट जमिनी, आणि आता मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या, जिथे उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी आत शिरतं, तिथल्याच जमिनींवर पीएचडी करायचीय. हे पत्र आणि त्यातले आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा पत्रांत जे सतत दिसतं तेच त्यात घेतलंय.

आधी समितीला काय वाचायचंय ते बघा

पत्र उघडून लगेच पहिल्या ओळीपासून भाषांतर सुरू करू नका. आधी विद्यापीठाचा प्रवेशाचा फॉर्म मागवा. व्हिएतनामच्या शिक्षण मंत्रालयाच्या 2009 च्या पीएचडी नियमावलीत शिफारसपत्रात काय काय असायला हवं याची चक्क यादी होती: नैतिक चारित्र्य आणि त्यातही व्यावसायिक प्रामाणिकपणा, कामातली क्षमता, कामाची पद्धत, संशोधनाची क्षमता, टीममध्ये काम करणं, बलस्थानं आणि उणिवा, पुढे प्रगतीची शक्यता, आणि शेवटी तुमचा पाठिंबा नेमका किती. तेव्हा दोन पत्रं लागायची आणि पत्र देणाऱ्याने उमेदवारासोबत किमान 6 महिने काम केलेलं असावं अशी अट होती. 2017 च्या नियमावलीत ते एका पत्रावर आलं आणि यादी आखूड झाली, 2021 मध्ये परत नवी नियमावली आली, पण फॉर्म बघाल तर जुन्या यादीचे मथळे अजून बऱ्याच ठिकाणी तसेच छापलेले दिसतात.

याचा आपल्या कामाशी संबंध असा, की तिकडचा वाचक पत्र वाचताना डोक्यात हेच रकाने धरून बसलेला असतो. इंग्रजी पत्र गोष्ट सांगितल्यासारखं पुढे सरकतं, तो मात्र शोधत असतो की चारित्र्याचं वाक्य कुठाय, उणीव कुठे लिहिलीय, पाठिंबा कितपत आहे. तेव्हा मूळ पत्राची प्रिंट काढा आणि समासात प्रत्येक वाक्यासमोर लिहा ते कुठल्या रकान्यात बसतं. एखादा रकाना रिकामा राहिला, समजा टीमवर्कबद्दल सरांनी काहीच लिहिलं नाहीये, तर ते वाक्य तुम्ही घालायचं नाही. सरांना मेल करा की असा मुद्दा फॉर्ममध्ये आहे, तुम्हाला लिहायचं असेल तर इंग्रजी पत्रातच एक ओळ वाढवून नव्याने सही करून पाठवा. त्यांनी नाही म्हटलं तर रकाना रिकामा. भाषांतरकाराने भरलेलं चांगुलपण हे खोटंच, कितीही छोटं असलं तरी.

मग प्रत्येक कौतुकाचं वजन ठरवा

आता दुसरी पेन्सिल घ्या आणि कौतुकाच्या प्रत्येक वाक्याला चारपैकी एक खूण करा. सगळ्यात वजनदार म्हणजे तुलना, 'माझ्या चाळीस विद्यार्थ्यांत पहिल्या तिघांत' असली. त्याखालोखाल पुरावा, म्हणजे तिने प्रत्यक्ष काय केलं ते. मग नुसती विशेषणं. आणि शेवटी उपचार म्हणून लिहिलेली वाक्यं, जी सगळ्यांच्याच पत्रात असतात. ही खूण केली की एक मोठा धोका टळतो, तो म्हणजे उपचाराच्या वाक्यात जीव ओतला जाणं आणि तुलनेचं वाक्य घाईत सपाट होणं.

इथे भारतीय इंग्रजी ओळखता यायला हवी, अमेरिकन पत्रावर शिकलेला भाषांतरकार इथेच चुकतो. आपले सर लिहितात 'शी इज अ सिन्सिअर अँड हार्डवर्किंग स्टुडंट'. डिक्शनरी बघून केलेल्या भाषांतरात सिन्सिअरचं 'चान थान्य' होतं, म्हणजे मनाने सच्ची, दिलखुलास वगैरे, आणि समितीला वाटतं हे काय भलतंच, संशोधनाच्या पत्रात स्वभावाचं वर्णन का. आपल्याकडे सिन्सिअर म्हणजे काम मनापासून, नीट, वेळेत करणारी, हे आपल्याला सांगावं लागत नाही पण त्यांना कसं कळणार. म्हणून तिथे 'ङ्येम तुक' हवं, गंभीरपणे काम करणारी. हार्डवर्किंगला 'चाम ची' चालतं, शाळेतल्या मुलांनाही तोच शब्द वापरतात आणि तो साधाच आहे, पण मूळ वाक्यही साधंच आहे ना. इथे उगाच भारी शब्द शोधायची गरज नाही.

```
Trong suốt hai năm học thạc sĩ, chị Lan
là một học viên nghiêm túc và chăm chỉ.
```

म्हणजे 'मास्टर्सच्या दोन्ही वर्षांत लान ही गंभीरपणे काम करणारी, कष्टाळू विद्यार्थिनी होती'. मूळ जेवढं तेवढंच.

तिला म्हणायचं काय

कौतुकाचा सूर अर्धा तर सर्वनामातच ठरतो. व्हिएतनामीत 'ती' असं कोरडं सर्वनाम औपचारिक पत्रात जवळजवळ कोणी वापरत नाही, 'को अय' लिहिलंत की पहिल्या ओळीतच कळतं हे इंग्रजीतून आलंय. गुरू शिष्याला प्रत्यक्षात 'एम' म्हणतो, म्हणजे धाकटी, आणि ते प्रेमाचं असतं, पण समितीसमोर तिला 'एम लान' म्हटलं की ती संशोधक न वाटता सरांची लाडकी विद्यार्थिनी वाटते आणि पुढचं सगळं कौतुक घरगुती होऊन बसतं. 'ची लान' लिहा, ताई म्हणावं तसं, पण इथे तो नुसता आदराचा औपचारिक शब्द आहे. मुलगा असेल तर 'आन्य'. आणि नेहमी नावाने, आडनावाने नाही. इंग्रजी पत्रात सरांनी 'मिस ङुयेन' असं लिहिलेलं असतं, ते आडनाव कोट्यवधी लोकांचं आहे आणि तिथे माणसाला आडनावाने हाक मारतच नाहीत, तेव्हा पहिल्यांदा पूर्ण नाव आणि पुढे सगळीकडे 'ची लान'. सर स्वतःला 'तोय' म्हणतील, साधा औपचारिक 'मी', बस.

विद्यार्थी या शब्दाचंही तसंच. पदवीचा विद्यार्थी 'सिन्य व्येन', मास्टर्सचा 'होक व्येन', आणि पीएचडीला प्रवेश मिळालेला 'ङ्येन कू सिन्य'. लानला अजून प्रवेश मिळायचाय, तर मागचं बोलताना ती 'होक व्येन' आणि अर्जाबद्दल बोलताना 'ङुओय झू त्वेन', उमेदवार. थिसिसचंही असंच, मास्टर्सचा 'लुअन वान' आणि पीएचडीचा 'लुअन आन', तिथे अदलाबदल झाली तर सरांनी तिच्या न झालेल्या पीएचडीचं कौतुक केलंय असा अर्थ होतो. ही एका अक्षराची चूक मी बऱ्याच तयार भाषांतरांत बघितलीय, म्हणून सगळं झाल्यावर हे दोन शब्द सर्च करून एकदा बघाच.

एक्सलंट, गुड, क्वाइट गुड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

इंग्रजी पत्रात एक्सलंट हा शब्द किती स्वस्त आहे ते आपल्याला माहितीय. थिसिस एक्सलंट, प्रेझेंटेशन एक्सलंट, वागणूकही एक्सलंट. व्हिएतनामीत त्याला सरळ शब्द आहे, 'सुअत साक', आणि हात तिकडेच जातो. पण तो शब्द तिथे निकालाच्या श्रेणीचं नाव आहे. पदवीच्या निकालात 4 पैकी 3.6 आणि वर असेल तर ही श्रेणी, 3.2 पासून त्याखालची 'झोय', 2.5 पासून त्याच्याही खालची 'खा'. खालपासून वर असं:

```
Trung bình   2.0 – dưới 2.5
Khá          2.5 – dưới 3.2
Giỏi         3.2 – dưới 3.6
Xuất sắc     3.6 – 4.0
```

म्हणजे 'लान सुअत साक विद्यार्थिनी आहे' असं लिहिलंत तर समितीतला माणूस पान उलटून तिच्या निकालाकडे बघणार, आणि तिथे 'झोय' किंवा 'खा' लिहिलेलं असेल तर त्याला पत्रातली विसंगती दिसणार. सरांनी बिचाऱ्यांनी श्रेणी सांगितलीच नव्हती, त्यांनी फक्त चांगलं म्हटलं होतं. तेव्हा माणसाला नाही, कामाला विशेषण लावा आणि श्रेणीचा शब्द टाळा. 'थिसिस एक्सलंट होता' याचं मी असं करते:

```
Luận văn của chị về đất nhiễm mặn có chất lượng rất tốt.
```

'खारवट जमिनीवरचा तिचा मास्टर्सचा थिसिस फार चांगल्या दर्जाचा होता.' काहींना वाटेल वजन उतरलं, पण एक्सलंटचं इंग्रजी पत्रातलं खरं वजन एवढंच असतं. मूळ पत्रात तो शब्द एकदाच, थिसिसच्या मूल्यमापनाबद्दल आणि मुद्दाम वापरलेला असेल, तर मात्र 'सुअत साक' ठेवा. कितीदा आलाय ते मोजा, त्यावरून कळतं सरांचा हात सैल आहे की आखडता.

खालच्या बाजूला उलटा धोका आहे. 'खा' हा शब्द विशेषणाच्या आधी आला की त्याचा अर्थ 'बऱ्यापैकी' होतो. सर लिहितात 'हर लॅब स्किल्स आर क्वाइट गुड', आपल्या तोंडचं क्वाइट गुड म्हणजे चांगलंच, अगदी छान. भाषांतरात 'खा तोत' झालं की ते 'बरं आहे' होतं, आणि पीएचडीच्या समितीसमोर 'बरं आहे' म्हणजे नकाराच्या जवळचं. इथे सरांना विचारायला लाजू नका, 'सर, क्वाइट गुड म्हणजे व्हेरी गुड ना?' एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की काम होतं. हो म्हणाले तर 'तोत', चांगलं, किंवा 'रत तोत', फार चांगलं.

वरच्या टोकाला ब्रिलियंट, आउटस्टँडिंग, एक्सेप्शनल. ब्रिलियंटला 'थिएन ताय' अजिबात नको, तो जीनियस झाला, आणि 'लोय लाक' तर इतिहासातल्या थोर माणसांना लावतात. कामापुरतं बोलायचं तर 'साक साओ', विचारांची धार असलेली, हा फार चांगला शब्द आहे, स्तुतीही होते आणि ती नेमकी विचारांबद्दलच राहते. आउटस्टँडिंगला 'नोय बत', इतरांत उठून दिसणारी. एक्सेप्शनल जर तुलनेसोबत आला असेल, म्हणजे इतक्या वर्षांत अशी मुलगी बघितली नाही असं, तर 'हिएम को', दुर्मीळ, हे चालेल, पण सोबत तुलना नसेल तर ते हवेत लटकतं.

स्तुती असूनही तिकडे दुखणारे शब्द

आपण पश्चिमेकडच्या पत्रांची सवय लागल्यामुळे अ‍ॅम्बिशस हे कौतुक म्हणून लिहितो. त्याचं थेट 'थाम वोंग' होतं आणि त्यातल्या 'थाम'मध्ये हाव आहे, तो शब्द चांगल्या अर्थानेही वापरतात पण तरुण संशोधकाबद्दल, तेही मुलीबद्दल, वाचणाऱ्याच्या कपाळावर बारीक आठी येऊ शकते. 'होआय बाओ' म्हणा, मनात बाळगलेलं मोठं ध्येय. वजन तेच, काटा गेला.

दुसरं म्हणजे वाद घालणं. लानच्या सरांनी लिहिलंय की माझा अंदाज आकड्यांशी जुळत नव्हता तेव्हा तिने मला तोंडावर सांगितलं. इंग्रजीत हे फार मोठं कौतुक आहे, स्वतंत्र विचार वगैरे. व्हिएतनाममध्ये गुरूला उलट बोलणं हे आपल्याकडच्यापेक्षाही जड आहे, आणि 'काय' हा भांडण्याचा शब्द आला तर सगळंच बिघडलं. पण म्हणून वाक्य गाळायचं का, तर मुळीच नाही, ते पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे. 'मान्य झान', म्हणजे धीटपणे, हा शब्द पुढे घ्या आणि आकड्यांचं कारण तिथेच जोडा, म्हणजे धीटपणा उद्धटपणा वाटत नाही:

```
Chị mạnh dạn nêu ý kiến khác với tôi khi số liệu
không ủng hộ nhận định của tôi.
```

'आकडे माझ्या मताला दुजोरा देत नव्हते तेव्हा तिने धीटपणे माझ्यापेक्षा वेगळं मत मांडलं.' मतभेद जसाच्या तसा आहे, फक्त मांडणी तिकडच्या कानाला पटेल अशी.

याच जागी बरेच भाषांतरकार स्वतःहून 'कौ थी' घालतात. तो तिकडच्या शैक्षणिक पत्रांचा लाडका शब्द आहे, चूक समजून घेऊन सुधारायची तयारी, नम्रपणे शिकणं. शब्द सुंदरच आहे, पण सरांनी तिला स्वतंत्र म्हटलंय, शिकाऊ नाही. मूळ पत्रात 'ओपन टू फीडबॅक' असं काही असेल तिथे तो अगदी चपखल बसतो, नाहीतर नको.

आकडे आणि तुलना

पुरावा आणि तुलना ही वाक्यं जशीच्या तशी न्यायची, आणि इथे सगळी शिस्त फक्त गटाची आहे. 'माझ्या चाळीसेक विद्यार्थ्यांत पहिल्या तिघांत' यात गट कुठला, गाइड केलेले मास्टर्सचे विद्यार्थी की वर्गात शिकवलेले सगळे? गट बदलला की कौतुक बदलतं.

```
Trong khoảng 40 học viên cao học tôi từng hướng dẫn,
chị Lan thuộc nhóm ba người giỏi nhất.
Chị tự mình thu thập 120 mẫu đất trong một mùa khô.
```

'खोआंग' म्हणजे सुमारे, तो शब्द उडवू नका कारण मूळात 'अबाउट' आहे. 'वन ऑफ द बेस्ट' असेल तर 'मोत चोंग न्युंग' हवंच, ते गळलं की ती एकटीच सर्वोत्तम होते. आणि 120 नमुने तिने स्वतः गोळा केले, हे वाक्य विशेषणांच्या नादात मागे ढकलू नका. व्हिएतनामी समितीलाही आकडा विशेषणापेक्षा जास्त पटतो, तेव्हा मूळात जिथे आहे तिथेच, स्वतंत्र वाक्यात राहू द्या.

उणीव लपवायची नाही, वाढवायचीही नाही

सरांनी लिहिलंय की तिच्या पहिल्या पेपरला बरेच ड्राफ्ट लागले पण इंग्रजी लिखाण खूप सुधारलं. भाषांतरकाराला इथे दया येते आणि तो हे वाक्य पुसट करतो. करू नका, कारण उणिवांचा रकाना तिकडे अपेक्षितच असतो आणि तो अगदी कोरा दिसला तर पत्र उपचारापुरतं वाटतं. फक्त शब्द सांभाळा. 'कोन हान चे' हा तयार शब्दप्रयोग आहे, 'अजून मर्यादित आहे', पण तो कर्मचाऱ्यांच्या वार्षिक मूल्यमापनात वाचून वाचून लोकांना नकारात्मक शेऱ्यासारखा लागतो. त्यापेक्षा 'अजून सुधारत राहायला हवं' या अर्थाचं:

```
Kỹ năng viết học thuật bằng tiếng Anh của chị cần
tiếp tục hoàn thiện; bài báo đầu tiên phải qua nhiều
lần sửa, nhưng chị đã tiến bộ rõ rệt.
```

चारित्र्याच्या ओळीचं मात्र काम सोपं आहे. आपल्याकडच्या सर्टिफिकेटांत 'टु द बेस्ट ऑफ माय नॉलेज शी बेअर्स अ गुड मॉरल कॅरॅक्टर' हे ठरलेलं वाक्य असतं, अमेरिकन पत्रात ते कधी दिसत नाही, आणि तिकडच्या पहिल्याच रकान्याला ते अचूक बसतं. 'माझ्या माहितीप्रमाणे' हा भागही ठेवा.

```
Theo những gì tôi biết, chị Lan có phẩm chất đạo đức tốt.
```

शेवटचं वाक्य: पाठिंबा किती

समिती घाईत असेल तर हेच वाक्य आधी वाचते. इथे पायऱ्या स्पष्ट आहेत, खालून वर:

```
Tôi giới thiệu chị Lan dự tuyển nghiên cứu sinh.
Tôi ủng hộ chị Lan dự tuyển nghiên cứu sinh.
Tôi hoàn toàn ủng hộ và trân trọng giới thiệu chị Lan
dự tuyển nghiên cứu sinh.
```

पहिलं नुसती ओळख करून देणं, दुसरं पाठिंबा, तिसरं पूर्ण पाठिंबा. 'आय रेकमेंड' असेल तर दुसरं, 'आय स्ट्राँगली रेकमेंड विदाउट एनी रिझर्व्हेशन' असेल तर तिसरं. स्ट्राँगलीला 'न्येत ल्येत' लावलेलं दिसतं कधीकधी, तो रस्त्यावरच्या स्वागताच्या बॅनरचा शब्द आहे, समारंभात छान, पत्रात नको. आणि 'विदाउट हेझिटेशन'चं शब्दशः रूप व्हिएतनामीत होतं, वाचताही येतं, पण वरच्या तिसऱ्या वाक्यात तेच येऊन जातं, परत वेगळं लिहिलं तर पाठिंबा दोनदा मोजल्यासारखा वाटतो.

'आय विश हर ऑल सक्सेस' हे आपल्या पत्राचं शेपूट असतंच. तिकडे समितीला लिहिलेल्या पत्रात उमेदवाराला शुभेच्छा जरा निरोपाच्या वाटतात, पण मूळात आहे म्हणून काढायची नाही, पाठिंब्याच्या वाक्याच्या आधी एका छोट्या वाक्यात घ्या आणि पाठिंबा शेवटी राहू द्या. असा क्रम बदललात तर सरांना कळवा.

वरचा भाग, पदवी, मांडणी

'टु हूमसोएव्हर' याचं शब्दशः भाषांतर फार कोरडं लागतं, समितीचं नाव फॉर्मवर असतंच. सर तयार असतील तर इंग्रजी पत्रच समितीच्या नावाने करून घ्या आणि मग:

```
THƯ GIỚI THIỆU
Kính gửi: Hội đồng tuyển sinh trình độ tiến sĩ
```

व्हिएतनामी सरकारी कागदावर सगळ्यात वर देशाचं नाव आणि 'स्वातंत्र्य, मुक्ती, सुख' असं ब्रीद असतं, ते परदेशी पत्राच्या भाषांतरात चिकटवू नका, आपल्या कॉलेजचं लेटरहेड आहे तेच भाषांतरित होईल. सरांच्या पदाबद्दल काटेकोर राहा. तिथे 'फो झाओ सू' म्हणजे असोसिएट प्रोफेसर ही सरकारमान्य पदवी आहे, नुसती नोकरीतली पोस्ट नाही, आणि आपल्या असिस्टंट प्रोफेसरला तसा नेमका जोड नाही. ते पद व्हिएतनामीत समजावून लिहा आणि मूळ इंग्रजी पदनामही शेजारी ठेवा, चढवू नका, मात्र सर पीएचडी असतील तर 'त्येन सी' स्पष्ट लिहा, कारण समितीला पत्र देणाऱ्याची पात्रता बघायची असते.

तपासणी

आता ज्याने मूळ पत्र पाहिलेलं नाही अशा व्हिएतनामी माणसाला, शक्यतो तिकडच्या विद्यापीठात काम केलेल्याला, भाषांतर द्या. भाषा कशी वाटली असं विचारू नका, गोड बोलून मोकळे होतात. तीन प्रश्न विचारा: ही मुलगी सरांच्या विद्यार्थ्यांत कुठे बसते, तिची उणीव काय, आणि सरांचा पाठिंबा किती. उत्तरं तुमच्या समासातल्या खुणांशी ताडून बघा. 'सरांची फार लाडकी दिसते' असं आलं तर सर्वनाम आणि विशेषणं चढलीत. 'बरी आहे, पण सर फार उत्सुक नाहीत' असं आलं तर कुठेतरी 'खा' शिरलाय, किंवा शेवटचं वाक्य पहिल्या पायरीवर राहिलंय. दुसऱ्या माणसाकडून तेच व्हिएतनामी पत्र परत इंग्रजीत करून घेतलंत तर सरांनाही स्वतः वाचून बघता येतं, आणि ज्यांना व्हिएतनामी येत नाही त्यांनी याशिवाय सही करू नये असं माझं ठाम मत आहे.

मग चिन्हं तपासा, एकेक. 'झोय' या हुशारीच्या शब्दावर हुकासारखी खूण असते, तिच्या जागी डावीकडे झुकलेली रेघ पडली तर त्याचा अर्थ अळी होतो:

```
giỏi   हुशार
giòi   अळी
```

स्पेलचेक दोन्ही बरोबर मानतो, म्हणून हे डोळ्यांनीच बघावं लागतं. युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या मशीनवर सगळी खुणा सांडून उघडते, आणि पाठवताना पीडीएफ.

शेवटी प्रमाणीकरण. विद्यापीठ साधं भाषांतर घेतं की प्रमाणित मागतं ते आधीच विचारा. प्रमाणित मागितलं तर व्हिएतनाममध्ये भाषांतरकाराची सही साक्षांकित होते, आणि त्यात भाषांतरकार मजकूर अचूक भाषांतरित केल्याची हमी लिहून देतो. म्हणजे वाढवलेलं किंवा घटवलेलं कौतुक तिथे नुसती शैली राहत नाही, भाषांतरकाराच्या सहीखालचं विधान होतं. तेव्हा साक्षांकन करणाऱ्या ऑफिसच्या यादीवरच्या भाषांतरकाराला तुमचा मसुदा आणि समासातल्या खुणांची प्रत दोन्ही द्या, आणि त्याने शब्द बदलले तर सही व्हायच्या आधी सर्वनाम, श्रेणीचे शब्द आणि पाठिंब्याचं वाक्य ही तीन ठिकाणं पुन्हा वाचून घ्या.